बारा मिनिटे मागे पडलेले घड्याळ

टपालाच्या पाकिटावर दोन शिक्के असले, तर एक पत्र जिथून निघाले त्या पोस्टाचा असतो आणि दुसरा ते जिथे पोचले त्या पोस्टाचा. आता समजा, एका पाकिटावर पुण्याच्या शिक्क्यात ५ तारीख आहे आणि साताऱ्याच्या शिक्क्यात ४ तारीख आहे. तुम्ही लगेच म्हणाल, ‘पत्र निघण्यापूर्वीच पोचले कसे?’ अर्थात दोहोंपैकी एका शिक्क्याची तारीख चुकलेली आहे. पण कोणत्या? नुसत्या पाकिटाकडे पाहून ते सांगता येत नाही.

ई-मेलवरही असेच शिक्के बसतात. प्रत्येक पत्र एका टपाल-सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते, आणि प्रत्येक सर्व्हर आपल्या घड्याळातली वेळ पत्राच्या डोक्यावर लिहून ठेवतो. शिवाय तो आपल्या नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये, केलेल्या प्रत्येक कामाची वेळ टिपतो. हे घड्याळ चुकले तर काय काय बिघडते, हे आपण एका कल्पित पण अगदी घडण्यासारख्या उदाहरणावरून पाहू.

एका शाळेला शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी एका महाविद्यालयाकडे ई-मेलने पाठवायची आहे. तारीख ३ मार्च २०२५, मुदत सकाळी साडेदहापर्यंत. शाळा म्हणते, ‘आमच्या सर्व्हरने १० वाजून १८ मिनिटांनी पत्र घेतले, ही पाहा नोंद.’ महाविद्यालय म्हणते, ‘साडेदहापूर्वी तुमचा सर्व्हर आमच्या दाराशी आलाच नव्हता. पत्र मिळाले १० वाजून ३९ मिनिटांनी, आणि त्यावरची सही मुदत संपलेली निघाली, म्हणून ते संशयित पत्रांच्या खणात गेले.’ गंमत अशी, की दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही.

घड्याळ मागे का पडते?

संगणकातील घड्याळ म्हणजे मुळात एक मोजणी असते. गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक लहान स्फटिक विजेच्या साहाय्याने ठराविक गतीने कंप पावत असतो आणि संगणक ती कंपने मोजून सेकंद ठरवतो. पण कोणतेही दोन स्फटिक अगदी एकसारखे कापलेले नसतात. शिवाय तापमान बदलले की त्यांची गतीही किंचित बदलते. साध्या स्फटिकात दर दहा लाख सेकंदांत २० सेकंदांची चूक असणे हे काही नवल नाही.

ही चूक किती लहान वाटते! पण हिशेब करून पाहा. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्याचे वीस दशलक्षांश म्हणजे १.७२८ सेकंद. रोज पावणेदोन सेकंदांकडे कोणाचे लक्ष जाणार? परंतु ही चूक रोज त्याच दिशेने साठत जाते. ४१७ दिवसांनी ती ७२० सेकंद, म्हणजे बारा मिनिटे, होते.

आपल्या शाळेचा सर्व्हर ११ जानेवारी २०२४ रोजी बसवला होता. तेव्हा त्याचे घड्याळ हाताने बरोबर लावले होते. तेथपासून ३ मार्च २०२५ पर्यंत बरोबर ४१७ दिवस होतात. म्हणून भिंतीवरच्या अचूक घड्याळात साडेदहा वाजले, तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात १० वाजून १८ मिनिटे झाली होती.

सहीची मुदत

ई-मेलवर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही लिहू शकतो. म्हणून पाठवणारा सर्व्हर पत्रावर एक गणिती सही करतो. या पद्धतीला डीकेआयएम असे नाव आहे. सही करण्याची गुप्त किल्ली फक्त त्या सर्व्हरजवळ असते आणि ती पडताळण्याची उघड किल्ली सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी ठेवलेली असते. मजकूर बदलला की सही जुळत नाही.

मात्र एक धोका उरतो. एखाद्या लबाड माणसाने सही केलेले एक खरे पत्र मिळवले आणि तेच जसेच्या तसे हजारो लोकांना पाठवले तर? मजकूर बदललेला नाही, तेव्हा सही जुळणारच. यावर उपाय म्हणून सहीतच ती केव्हा केली आणि केव्हा संपते हे लिहिता येते. `t` म्हणजे सही केल्याची वेळ आणि `x` म्हणजे मुदत संपण्याची वेळ. दोन्ही आकडे म्हणजे १ जानेवारी १९७० रोजी जागतिक वेळेनुसार शून्य वाजल्यापासून मोजलेले सेकंद असतात.

शाळेच्या तंत्रज्ञाने ही मुदत पंधरा मिनिटे, म्हणजे ९०० सेकंद, ठेवली होती. पत्रावरची सही अशी होती:

```
DKIM-Signature: v=1; a=rsa-sha256; d=school.example;
  t=1740977280; x=1740978180; ...
```

दोन आकड्यांची वजाबाकी करा, ९०० येतील. पण सही झाली त्या क्षणी खरी वेळ होती १७४०९७८०००. म्हणजे `x` पर्यंत खरे तर १८० सेकंदच उरले होते. सर्व्हरच्या समजुतीप्रमाणे सही पंधरा मिनिटे टिकणार होती; बाहेरच्या जगाच्या दृष्टीने ती तीन मिनिटांची पाहुणी होती.

पत्र लगेच पोचले असते, तर तीन मिनिटेही पुरली असती. परंतु अनेक सर्व्हर अनोळखी पाहुण्याला पहिल्या खेपेस ‘थोड्या वेळाने या’ असे सांगून परत पाठवतात. घाऊक जाहिराती पाठवणारे कार्यक्रम सहसा पुन्हा येण्याची तसदी घेत नाहीत; खरा सर्व्हर मात्र येतो. शाळेचा सर्व्हर असाच परत फिरला आणि नऊ मिनिटांनी पुन्हा गेला. पण सही पत्र सर्व्हरमध्ये शिरताना एकदाच होते. दुसऱ्या खेपेस नवी होत नाही. पत्र पोचले तेव्हा खरी वेळ १०-३९-१० होती आणि सहीची मुदत १०-३३ लाच संपली होती. सही तपासणारे काही कार्यक्रम घड्याळांतील फरकासाठी पाच मिनिटांची सवलत देतात. ती धरली तरी मुदत १०-३८ पर्यंतच जाते. सत्तर सेकंदांनी सही हुकली.

घड्याळ बरोबर असते, तर `x` ची वेळ १०-४५ आली असती आणि पत्र निर्वेध स्वीकारले गेले असते.

अशा बिघाडाचे एक लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सगळी पत्रे नाकारली गेली असती, तर दोष एका दिवसात सापडला असता. पण येथे ताबडतोब पोचणारी पत्रे सुखरूप जातात आणि रेंगाळलेली तेवढी अडतात. त्यामुळे तंत्रज्ञ किल्ली तपासतो, मजकूर तपासतो, समोरच्या सर्व्हरला दोष देतो. घड्याळाकडे पाहण्याचे त्याला सुचत नाही. मुदत काही दिवसांची ठेवलेली असेल, तर बारा मिनिटांनी काहीच बिघडत नाही आणि दोष आणखी काळ लपून राहतो.

घड्याळ मागे पडण्याऐवजी पुढे गेले असते, तर `t` हा भविष्यकाळातला आकडा झाला असता. उद्याची तारीख घातलेली सही आज कोण मानणार? अशी सही दुर्लक्षित करण्याची मोकळीक तपासणाऱ्याला नियमांनीच दिलेली आहे.

दोन नोंदवह्यांचा मेळ

आता दोन्ही सर्व्हरच्या नोंदवह्या शेजारी ठेवू. समजण्यासाठी त्या थोड्या लहान केल्या आहेत.

```
school   10:18:02  status=deferred (450 4.2.0 Greylisted)
school   10:27:10  status=sent (250 Ok: queued as 7C2A41F0B3)
college  10:30:02  450 4.2.0 Greylisted
college  10:39:10  7C2A41F0B3: client=mail.school.example
```

वेळेच्या क्रमाने या ओळी लावल्या, तर गोष्ट अशी दिसते: शाळेने १०-२७ ला पत्र पोचते केले, मग १०-३० ला महाविद्यालयाने ‘नंतर या’ म्हटले, आणि १०-३९ ला पत्र घेतले. कार्य आधी आणि कारण नंतर! शाळेची पहिली नोंद आणि महाविद्यालयाची शेवटची नोंद जोडली, तर प्रवासाला एकवीस मिनिटे लागल्याचे वाटते. खरा प्रवास नऊ मिनिटांचा आहे.

म्हणून अनुभवी माणूस आधी वेळ पाहत नाही, दोन्हीकडे समान असलेली खूण शोधतो. पत्र स्वीकारताना महाविद्यालयाच्या सर्व्हरने त्याला `7C2A41F0B3` असा रांगेतला क्रमांक दिला आणि तो उत्तरात कळवला. शाळेच्या नोंदवहीत तोच क्रमांक उतरला. तेव्हा दुसरी आणि चौथी ओळ या एकाच घटनेच्या दोन नोंदी आहेत, हे निश्चित. दोहोंतील अंतर बरोबर बारा मिनिटे. ही दोन घड्याळांतील तफावत सापडली.

पण यापैकी चुकलेले घड्याळ कोणते? येथे पाकिटाचीच अडचण पुन्हा येते. त्यासाठी तिसरा, चौथा साक्षीदार हवा. शाळेने त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी पाठवलेल्या पत्रांच्या नोंदी तशाच जुळवल्या आणि प्रत्येक ठिकाणी शाळेचेच घड्याळ बारा मिनिटे मागे निघाले, तर संशयाला जागा उरत नाही.

मग जुन्या नोंदीही सुधारता येतात. चूक रोज १.७२८ सेकंद वाढत असेल, तर २०० व्या दिवशी, म्हणजे २९ जुलै २०२४ रोजी, ती सुमारे ३४६ सेकंद किंवा पावणेसहा मिनिटे असणार. त्या दिवशीच्या नोंदींत तेवढी मिळवायची. मात्र उन्हाळ्यात आणि थंडीत स्फटिकाची चाल थोडी निराळी असते, म्हणून मधल्या काही तारखांना रांगेतल्या क्रमांकांवरून हा अंदाज तपासून पाहिला पाहिजे.

आणि शिष्यवृत्तीच्या वादाचा निकाल? १०-१८ मध्ये बारा मिनिटे मिळवा. शाळेने पत्र सर्व्हरला दिले ते ठीक साडेदहाला, आणि तो महाविद्यालयाच्या दाराशी पोचला दोन सेकंद उशिरा. बारा मिनिटे हाताशी आहेत, ही शाळेची समजूत केवळ तिच्या सर्व्हरच्या घड्याळातली होती.

प्रमाणपत्र कोणाच्या घड्याळाने तपासायचे?

दोन सर्व्हर गुप्तपणे बोलू लागतात, तेव्हा एक दुसऱ्याला आपले प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर ‘या वेळेपूर्वी ग्राह्य नाही’ आणि ‘या वेळेनंतर ग्राह्य नाही’ अशा दोन तारखा असतात. येथे विद्यार्थ्यांची नेहमी एक गल्लत होते. प्रमाणपत्र तपासले जाते ते दाखवणाऱ्याच्या घड्याळाने नव्हे, तर पाहणाऱ्याच्या घड्याळाने. शाळेचा सर्व्हर मागे पडला असला, तरी त्याचे प्रमाणपत्र इतरांना ठीकच दिसेल. तो मात्र इतरांची प्रमाणपत्रे चुकीची पारखेल.

बारा मिनिटांची चूक येथे बहुधा खपून जाते. लेट्स एन्क्रिप्ट ही विनामूल्य प्रमाणपत्रे देणारी संस्था प्रमाणपत्रावरची आरंभाची वेळ मुद्दाम एक तास आधीची घालते, ती अशाच मागे पडलेल्या घड्याळांची सोय म्हणून.

पण भारतात एक मोठी चूक सहज होऊ शकते. वीज बंद असतानाही चालणारे एक छोटे घड्याळ संगणकात बॅटरीवर चालू असते. त्यात जागतिक वेळ ठेवली आणि संगणकाने ती भारतीय वेळ समजून वाचली, तर घड्याळ एकदम साडेपाच तास मागे जाते. आता एक तासाची सवलत अपुरी पडते. नुकतेच काढलेले प्रमाणपत्र पाहून हा सर्व्हर साडेचार तासांपर्यंत म्हणत राहील:

```
certificate is not yet valid
```

आणि प्रमाणपत्र काटेकोरपणे पारखूनच पत्र द्यावे असे जेथे ठरवले आहे, तेथे पत्रे रांगेत तुंबतील. याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे. मागे पडलेल्या घड्याळाला मुदत संपलेले प्रमाणपत्रही चालू वाटते, आणि त्या वेळी कोणतीही तक्रार पडद्यावर उमटत नाही.

घड्याळ जुळवावे कसे?

तुम्ही म्हणाल, घड्याळ पुन्हा हाताने बरोबर लावले की झाले. पण तसे केले, तर दुसऱ्याच दिवशी ते पावणेदोन सेकंद मागे असेल. वेळ लावणे आणि चाल सुधारणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दोन्ही करावी लागतात.

त्यासाठी अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी एनटीपी ही पद्धत तयार केली. तिचे पहिले वर्णन १९८५ साली प्रसिद्ध झाले. तिची युक्ती तुम्हांला सहज समजेल. आपला सर्व्हर अचूक घड्याळाला एक छोटा प्रश्न पाठवतो आणि उत्तर घेतो. यात चार वेळा टिपल्या जातात: प्रश्न निघाला १०-१८-००.०००, तिकडे पोचला १०-३०-००.०४०, उत्तर निघाले १०-३०-००.०४१, आणि इकडे पोचले १०-१८-००.०८१. पहिली आणि चौथी वेळ आपल्या घड्याळाची, मधल्या दोन अचूक घड्याळाच्या.

जाताना फरक दिसतो ७२०.०४० सेकंद, कारण त्यात प्रवासाचा वेळ मिळवला गेला आहे. येताना दिसतो ७१९.९६० सेकंद, कारण प्रवासाचा वेळ वजा झाला आहे. दोहोंची सरासरी काढली की प्रवास नाहीसा होतो आणि उरतो शुद्ध फरक: ७२०.००० सेकंद. जाण्याच्या आणि येण्याच्या वाटेला सारखाच वेळ लागला, हे यात गृहीत धरलेले आहे. तसे नसेल तर चूक राहते. पण ती एकूण प्रवासाच्या निम्म्याहून, म्हणजे येथे ०.०४० सेकंदाहून, अधिक होऊ शकत नाही.

शाळेच्या सर्व्हरवर हे काम करणारा क्रोनी नावाचा कार्यक्रम पहिल्या दिवसापासून चालूच होता. मग घोटाळा कुठे झाला? तंत्रज्ञाने `chronyc sources` ही आज्ञा दिली, तेव्हा प्रत्येक ओळीत `Reach` या रकान्याखाली 0 दिसला. हा आकडा शेवटच्या आठ प्रश्नांची हजेरी असते. उत्तर आले तर १, नाही तर ०, असे आठ द्विमान अंक घेऊन ते अष्टमान पद्धतीत लिहितात. आठही उत्तरे आली तर ११११११११, म्हणजे ३७७. शून्य म्हणजे एकही उत्तर आलेले नाही. शाळेच्या जाळ्याचे संरक्षण करणाऱ्या भिंतीत यूडीपीचे १२३ क्रमांकाचे दार बंद होते आणि एनटीपीचे प्रश्न नेमके त्याच दाराने जातात. कार्यक्रम प्रामाणिकपणे विचारत होता. उत्तर कधीच येत नव्हते.

दार उघडल्यावर तंत्रज्ञाने ही मांडणी केली:

```
server samay1.nic.in iburst
server time.nplindia.org iburst
pool in.pool.ntp.org iburst
driftfile /var/lib/chrony/drift
makestep 1.0 3
```

पहिले घड्याळ नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरचे आहे आणि दुसरे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे. भारतीय प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा राखते. सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात या दोहोंपैकी एकाशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या घड्याळांशी, वेळ जुळवण्यास सांगितले आहे.

एवढी घड्याळे कशाला? एकच असले आणि तेच चुकले, तर कळणार कसे? दोन असली, तर खरे कोणते? तीन असली, तर बहुमताने खोटे ओळखता येते. आणि चार असली, तर एक बंद पडले तरी तीन उरतात. ही भीती काल्पनिक नाही. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या दोन नामांकित सर्व्हरांनी काही काळ २००० हे साल सांगितले, आणि त्यांच्यावरच विसंबलेली अनेक कार्यालयांची जाळी विस्कळीत झाली.

`makestep` या ओळीचा अर्थ असा, की सुरुवातीच्या तीन जुळणींत फरक एक सेकंदाहून मोठा असेल तर एकदम उडी मार. त्यानंतर मात्र चाल किंचित वाढवून किंवा कमी करून हळूहळू जुळव. एकदम उडी जपून का मारायची? घड्याळ मागे ओढले, तर तीच मिनिटे नोंदवहीत दोनदा येतात आणि क्रम पुन्हा बिघडतो. आपल्या सर्व्हरला पुढे जायचे होते, म्हणून नोंदीत केवळ बारा मिनिटांची रिकामी जागा राहिली. तरीही तंत्रज्ञाने टपालाचे काम थांबवले, उडी घेऊ दिली, मग काम सुरू केले, आणि त्या वेळेची टीप लिहून ठेवली.

`driftfile` मध्ये क्रोनी स्फटिकाची शिकलेली चाल साठवतो. काही तासांनी `chronyc tracking` मध्ये `Frequency` पुढे सुमारे 20 ppm slow असे दिसू लागले. स्फटिक तोच राहिला, तसाच मंद राहिला. पण किती मंद आहे हे आता कळले असल्यामुळे संगणक प्रत्येक सेकंदात तेवढी भर घालू लागला. आता जाळे काही तास तुटले, तरी घड्याळ फारसे ढळत नाही.

तंत्रज्ञाने शेवटी एक गजर लावला: फरक एक सेकंदाहून वाढला किंवा `Reach` शून्य झाला, तर त्याला निरोप यावा. ‘कार्यक्रम चालू आहे’ एवढ्यावर त्याने पूर्वी विश्वास ठेवला होता. तपासायचे असते ते कार्यक्रम चालू आहे का हे नव्हे, तर घड्याळ जुळले आहे का हे.

करून पाहा

तुमच्या किंवा शिक्षकांच्या एखाद्या ई-मेलचे मूळ स्वरूप उघडा आणि `Received:` ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचा, कारण सर्वांत जुना शिक्का सर्वांत खाली असतो. वेळेपुढचे `+0530` किंवा `+0000` लक्षात घेऊन सगळ्या वेळा एकाच पद्धतीत आणा. एखाद्या टप्प्यावर पत्र निघण्यापूर्वीच पोचलेले दिसले, तर कोणते तरी घड्याळ चुकलेले आहे. सहीत `t=` असेल, तर लिनक्स असलेल्या संगणकावर तो आकडा असा उलगडता येतो:

```
date -u -d @1740977280
```

उत्तर येईल ३ मार्च २०२५, ४ वाजून ४८ मिनिटे, जागतिक वेळ. त्यात साडेपाच तास मिळवा आणि शाळेच्या सर्व्हरच्या पहिल्या नोंदीशी ताडून पाहा.